ब्युरेट, बुडबुडा आणि नजर

मराठवाड्यातील बहुतेक बोअरवेलचे पाणी बेसाल्ट खडकातून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. नांदेड-लातूर भागातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा पाण्याचे काठिण्य, म्हणजे या दोन क्षारांचे एकूण प्रमाण, अनुमापनाने काढावे लागते. पन्नास मिलिलिटर पाण्यात अमोनियाचे बफर व एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालून ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत जायचे. लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा दिसला की तोटी बंद करायची. या संहतीच्या ईडीटीएचा एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचा असल्याने पुढचा हिशेब सोपा असतो.

एकाच पाण्याच्या तीन वाचनांत २४.५, २४.१ आणि २३.८ असे आकडे मिळालेली एक विद्यार्थिनी कल्पावी. ज्या वाचनावर गणित करायचे ते ‘सी.बी.आर.’, म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन. त्यासाठी आकडे ०.१ मिलिलिटरच्या आत जुळावे लागतात, आणि इथे तफावत ०.७ ची आहे. सरासरी मात्र २४.१ च्या आसपास येते आणि तिथेच खरा धोका असतो, कारण जर्नलमध्ये तिन्ही ओळींत २४.१ लिहून मोकळे होण्याचा मोह या सरासरीमुळे बळावतो.

पहिला संशय साहजिकच रंगबदलावर जातो, परंतु ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटर असतो, ०.४ ची वाढ रंग चुकल्याने झाली असे मानायचे तर आठ थेंब जास्त पडायला हवेत, आणि निळा रंग आल्यावर आठ थेंब टाकत राहणे डोळ्यांदेखत घडणे अवघड आहे. म्हणून शोध ब्युरेटकडे वळतो.

जास्त आलेले वाचन ब्युरेट धुऊन नव्याने भरल्यानंतरचे पहिलेच आहे, ही पहिली खूण. वरून द्रावण ओतले की तोटीखालच्या अरुंद टोकात हवा अडकून राहते. शून्य लावल्यावर अनुमापन चालू असताना तो बुडबुडा निसटला, तर त्याची रिकामी जागा द्रावणाने भरते. ब्युरेटमधील पातळी तेवढी खाली उतरते, पण तेवढे द्रावण फ्लास्कमध्ये पडलेलेच नसते. त्यामुळे वाचन नेहमी वाढूनच येते. बुडबुडा शेवटपर्यंत जागचा हललाच नाही, तर मात्र फरक पडत नाही. म्हणून टोक अनुमापनापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहावे लागते. तोटी झटक्यात पूर्ण उघडून द्रावणाची धार सोडली आणि टोकावर बोटाने टिचकी मारली की हवा बहुधा निघून जाते; शून्य लावायचे ते त्यानंतरच.

तिसरे, कमी आलेले वाचन निराळ्या जातीचे आहे. पन्नास मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या दोन खुणांमधले अंतर साधारण एक मिलिमीटर असते आणि खुणा काचेच्या बाहेरच्या अंगावर असतात, तर द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ नळीच्या मध्यभागी, म्हणजे खुणेपासून सहा-सात मिलिमीटर मागे असतो. नजर तिरकी झाली की तळ चुकीच्या खुणेसमोर दिसतो. हीच दृष्टिभेदाची, अर्थात पॅरॅलॅक्सची, चूक होय. ब्युरेटचे आकडे खाली वाढत जात असल्याने वरून पाहिल्यास आकडा कमी दिसतो आणि खालून पाहिल्यास जास्त. आता डोळा शून्य आणि २४ यांच्या मधोमध एकाच उंचीवर, ब्युरेटपासून हातभर अंतरावर राहिला, तर शून्य बारा सेंटिमीटर वर आणि शेवटची पातळी तेवढीच खाली पडते. शून्य खालून पाहिल्याने द्रव प्रत्यक्षात शून्याच्या थोडा वर राहतो, शेवट वरून पाहिल्याने आकडा कमी वाचला जातो. दोन्ही वेळी सव्वा-दीड मिलिमीटर, मिळून जवळपास ०.३. वजाबाकीत या चुका एकमेकींना खोडत नाहीत, उलट त्यांची भर पडते.

याची शहानिशा तोटी न उघडता करता येते. स्थिर पातळी तीन उंचींवरून वाचावी. आकडे बदलले तर दोष केवळ डोळ्याचा. ज्या ब्युरेटच्या खुणा नळीभोवती पूर्ण फिरलेल्या असतात, तिच्यात खुणेची पुढची व मागची रेघ एकावर एक दिसेल तिथे डोळा आणावा. साध्या ब्युरेटला कागदाची सरळ कडेची पट्टी नीट गुंडाळली, की तिच्या पुढच्या-मागच्या कडा तेच काम करतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसताना ६०० आहे. त्या दृष्टीने वरील तीन वाचनांतून येणाऱ्या ४७६, ४८२ आणि ४९० यांत निर्णय बदलत नाही. परंतु मॅग्नेशियम वजाबाकीने काढायचे असते. कॅल्शियमपुरते वाचन १९.१ आले, तर मॅग्नेशियमच्या वाट्याला खरे ५.० मिलिलिटर येतात, आणि वरील वाचनांनी तेच ५.४ किंवा ४.७ ठरतात. एकूण काठिण्यात तीन टक्क्यांच्या आत राहिलेली तफावत इथे चौदा टक्क्यांवर जाते.