मोदक की करंजी?

माझ्या आजीला आता ऐकू फार कमी येतं, म्हणून तिला बडोद्याहून सणाच्या जेवणाचा बेत आम्ही इमोजीत कळवतो. ती बारीक अक्षरं टाळते, पण चित्रं मात्र निरखून बघते.

आपलं तिथे फार थोडं आहे. साडी 🥻 आणि पणती 🪔 दोन्ही २०१९ साली आल्या. 🍛 आपला रस्सा-भात वाटतो, पण मुळात तो जपानी करी-भात. म्हणून जोड्या लावाव्या लागतात. जिलबीला 🥨 चालतं. ते जर्मन ब्रेड असलं तरी वळसे ओळखीचे आहेत.

मोदकाने मात्र दमवलं. 🥟 पाठवलं, आजी म्हणाली, "करंजी का?" शेजारी 🥥 जोडला, तरी करंजीच, कारण खोबरं दोन्हींत असतं! शेवटी 🐘🥟 केलं तेव्हा कुठे बाप्पा आठवला. सारणापेक्षा सण सांगितलेला बरा.

पुरणपोळीला 🫓🧈 छान जमतं, पण 🫓 हे २०२० मधलं चित्र आहे. आजीच्या जुन्या फोनवर तिथे नुसता रिकामा चौकोन दिसतो. म्हणून तिला 🌕🧈 पाठवतो. लोण्याचं तूप ती मनातच कढवते.

नऊवारीसाठी 🥻9️⃣ पहिल्याच वेळी कळलं. आमटीचं अजून जमलेलं नाही. 🍲 पाठवलं की तिचा लगेच आवाजी निरोप येतो, "कसली? कटाची असेल तर थोडी राखून ठेवा."