सात पिशव्या, नऊ लाद्या

भोसरी एमआयडीसीत माझी चहा-वडापावची टपरी आहे. त्याआधी मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत होते, महिन्याला १५,६०० रुपये पगारावर. ते काम सोडून टपरी टाकायची ठरवली तेव्हा सगळे एकच विचारायचे, रोजचा गल्ला किती होईल? बचत गटाची वही मी बरीच वर्षं लिहिली आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा होता. रोज किती माणसं आली म्हणजे घरातून पैसे घालावे लागणार नाहीत? आणि किती आली म्हणजे माझा सुटलेला पगार भरून निघेल? गल्ला बघून यातलं काहीच कळत नाही. संध्याकाळी डब्यात तीन हजार असतात, पण त्यातले दुधाचे किती, पावाचे किती आणि भाड्याचे किती, हे त्या नोटांवर लिहिलेलं नसतं.

आधी गिऱ्हाईक येवो न येवो, जाणारच असा खर्च मी मांडला. जागेचं भाडं ८,०००. हाताखाली एक मावशी आहेत, त्यांचा पगार ९,०००. शेगडी, कढई, पातेली आणि पत्र्याच्या शेडसाठी गटाकडून कर्ज घेतलं, त्याचा हप्ता २,५००. वीज आणि पाण्याचे जार मिळून १,६००. फडकी, साबण, शेगडीची दुरुस्ती, अन्नपरवान्याची नोंदणी असं किरकोळ १,०००. बेरीज २२,१००. हप्ता एक दिवस संपेल, पण ती रक्कम मी हिशोबातून काढणार नाही. तेव्हा ती कढई-शेगडी बदलण्यासाठी बाजूला ठेवायची, कारण त्याही झिजतातच.

या रकमेला तीसने भागायचं नाही. भोसरीत गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, रस्ता ओस पडतो, म्हणून महिन्याचे दिवस २६ धरायचे. भाडं मात्र गुरुवारचंही द्यावंच लागतं. २२,१०० ला २६ ने भागलं की रोजचे ८५० रुपये. यात माझा पगार धरलेला नाही. तो धरला तर रोजचे आणखी ६०० रुपये, म्हणजे १,४५०. बहुतेक टपरीवाले पहिल्याच आकड्यावर थांबतात. घरच्या माणसाचे कष्ट ते खर्चात धरत नाहीत आणि महिनाअखेर उरलेल्या पैशाला नफा म्हणतात. कँटीनमधली पोळ्या लाटणारी बाई ज्या कामाचा पगार घेते, ते काम टपरीवर फुकट कसं होईल? म्हणून मी दोन आकडे ठेवले. ८५० निघाले तर टपरी स्वतःच्या पायावर उभी आहे, १,४५० निघाले तर मीसुद्धा उभी आहे.

आता एका चहामागे हातात काय राहतं ते बघू. एक लिटर दूध साठ रुपयांचं, त्यात अर्धा लिटर पाणी. साखर पाच रुपयांची, चहा पावडर दहाची, आलं-वेलची पाचाची, गॅस दहाचा. झाले नव्वद रुपये. माझ्या कपात ७५ मिलिलिटर चहा बसतो, म्हणजे दीड लिटरचे वीस कप व्हायला हवेत. प्रत्यक्षात अठराच होतात. चहा उकळताना आटतो आणि गाळणीतला चोथा पिळला तरी बराच चहा धरून ठेवतो. पहिल्या दिवसापासून मी अठराच धरले, म्हणून कपाला पाच रुपये पडले. वर कागदी कपाचे पन्नास पैसे. दहा रुपयांच्या चहामागे साडेचार रुपये सुटतात.

वडापाव १५ रुपयांना. पाव तीन रुपयांचा. बाकी बटाटा, बेसन, तळणीचं तेल, मिरची-लसूण-कोथिंबीर, चटणी, गॅस आणि कागद धरून साडेसहा. खर्च साडेनऊ, सुटतात साडेपाच. गॅसबद्दल एवढं सांगते की तो पुरता महिन्याच्या ठरलेल्या खर्चातलाही नाही नि कपामागच्या खर्चातलाही नाही. गर्दी नसली तरी चहाचं पातेलं मंद आचेवर असतंच. त्यामुळे मंद दिवशी कपामागचा गॅस महाग पडतो. म्हणून कपाला धरताना मी हात थोडा सैल ठेवला आहे.

चहामागे साडेचार, वडापावमागे साडेपाच. मग गिऱ्हाईक किती लागतील, याचं उत्तर ते काय घेतात त्यावर आहे. सगळे नुसता चहा पिणारे असतील तर ८५० रुपयांना १८९ माणसं लागतात. सगळेच चहा आणि वडापाव दोन्ही घेणारे असतील तर ८५ पुरतात. म्हणून सुरुवातीला काही दिवस वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारल्या, माणसागणिक एक, काय घेतलं त्याच्या रकान्यात. दहा माणसांत सरासरीने सहा जण नुसता चहा, तिघं दोन्ही आणि एक जण नुसता वडापाव, असं निघालं. या दहा जणांकडून सुटतात २७, ३० आणि साडेपाच, एकूण साडेबासष्ट. माणशी सव्वासहा रुपये. हा सव्वासहा माझ्या धंद्यातला सगळ्यात कामाचा आकडा आहे. ८५० ला त्याने भागलं की १३६ गिऱ्हाइकं, १,४५० ला भागलं की २३२.

पण शिफ्ट सुटल्यावर पंधरा मिनिटांत पन्नास माणसं समोर उभी राहतात, तेव्हा डोकी मोजणार कोण? म्हणून मी माणसांचा आकडा मालात बदलून घेतला. १३६ माणसं म्हणजे साधारण १२२ चहा आणि ५४ वडापाव. म्हणजे लिटरच्या सात पिशव्या दूध आणि पावाच्या नऊ लाद्या, आमच्याकडे लादीत सहा पाव असतात. २३२ माणसं म्हणजे बारा पिशव्या आणि सोळाला थोड्या कमी लाद्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या मी धुऊन खिळ्याला अडकवते. सातवी पिशवी अडकली की टपरीचा खर्च वसूल झाला असं धरते. ती दुपारी तीनच्या शिफ्टच्या आधी अडकली तर दिवस चांगला जाणार. मावशींनाही हे पाठ झालंय. कधी कधी त्याच हाक देतात, "ताई, सात झाल्या गं!"

नुसत्या पिशव्यांवर मात्र भुलायचं नाही. दूध बारा पिशव्या गेलं आणि पाव दहाच लाद्या, तर माणसं तेवढीच येऊनही पैसे कमी सुटतात. पावसाच्या झडीत उलटंही होतं. माणसं कमी येतात, पण आलेला प्रत्येक जण गरम वडा मागतो.

वड्याचं दुखणं वेगळं आहे. उरलेल्या चहाचं नुकसान थोडं, कारण तो मी दोन-दोन लिटरच्याच घाण्यात करते. उरलेला वडा दुसऱ्या दिवशी देता येत नाही. पाव वाचला तरी साडेसहा रुपये पाण्यात, आणि विकलेल्या वडापावातून सुटतात साडेपाचच. म्हणजे दहा वडे टाकले तर ते भरून काढायला बारा विकावे लागतात. यावर उपाय एकच, आधी तळून ढीग लावायचा नाही. भाजी तयार ठेवायची, बेसन ऐनवेळी भिजवायचं आणि कंपनीच्या ब्रेकच्या दहा मिनिटं आधी पहिला घाणा सोडायचा. शेवटचा घाणा अर्धाच. दोन माणसं वडा नाही म्हणून परत गेली तर अकरा रुपये बुडतात, पण दोनच वडे उरले तरी तेरा जातात, आणि उरताना ते दोनच कधी उरत नाहीत.

मावशींना ठेवावं की नाही, हेही याच सव्वासहाने ठरवलं. त्यांच्या पगाराचे रोज ३४६ रुपये पडतात, म्हणजे त्यांच्यामुळे रोज छप्पन्न जास्तीची माणसं झाली पाहिजेत. त्या नसत्या तर टपरीचा खर्च ८१ गिऱ्हाइकांतच निघाला असता. कागदावर हे फार मोहाचं दिसतं. पण ब्रेक असतो दहा-पंधरा मिनिटांचा. एका हाताने तळायचं आणि दुसऱ्या हाताने चहा ओतायचा म्हटलं की मागच्या रांगेतली माणसं घड्याळ बघून शेजारच्या गाड्याकडे वळतात. एकटीच्या हातून २३२ माणसं होत नाहीत, एकशे तीस-चाळीसच्या पुढे जीव मेटाकुटीला येतो. मला माझा पगार काढायचा असेल तर मावशी लागतातच.

दिवाळीत कंपन्या आठवडाभर बंद असतात. त्या महिन्यात कामाचे दिवस वीस भरतात आणि तोच २२,१०० चा खर्च रोजचा १,१०५ होतो. १३६ चे १७७ होतात. तेवढी माणसं काही दिवाळी झाली म्हणून वाढत नाहीत. त्यासाठी बाकीच्या महिन्यांत बारा पिशव्यांच्या वर जे सुटतं ते गटात वेगळं भरते आणि दिवाळीला उचलते. ती रक्कम नफा म्हणून मी कधी मोजली नाही.

दुधाचा दर वाढला की सगळे टपरीवाले हबकतात. लिटरला दोन रुपये वाढले तर माझ्या कपाला अकरा पैसे पडतात, आणि २३२ चे २३६ होतात. चार माणसं जास्त, बस्स. भाड्याचं तसं नाही. यंदा जागामालकांनी ८,००० चे १०,००० मागितले. रोजचे ७७ रुपये, म्हणजे तेरा माणसं जास्त, तीही रोज. माझ्या गल्लीत ती कुठून आणायची? आहेत तेच लोक दुप्पट चहा पिणार नाहीत.

मग सकाळी सातच्या शिफ्टआधी येणाऱ्यांकडे बघितलं. ते रिकाम्या पोटी चहा पिऊन आत जातात, कारण तेव्हा कढई तापलेलीच नसते. पोह्यांची प्लेट वीस रुपयांना दिली तर खर्च अकरा, सुटतात नऊ. नऊ प्लेटा गेल्या की ८१ रुपये, वाढीव भाडं निघालं. किलोभर पोह्यांच्या बारा प्लेटा होतात, पण बारा करून नऊच खपल्या तर उरलेल्या तीन प्लेटांचे ३३ रुपये अंगावर येतात. म्हणून मी रोज पाऊण किलोच भिजवते. नऊ प्लेटा होतात आणि सातच्या भोंग्याआधी संपतात. दहावा माणूस आला तर त्याला चहा-बिस्किट देते. जागामालकांना १०,००० कबूल केले, पण पुढचे अकरा महिने भाडं वाढणार नाही असं कागदावर लिहून घेतलं.