एक फूट माणसाचा

आमच्या सोसायटीच्या सचिवांना मोकळी जागा पाहवत नाही. आवारात भिंतीलगत १२ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असा पट्टा आहे. तिथे दोन्ही बाजूंना स्कूटरांच्या रांगा आखायच्या ठरल्या, तेव्हा त्यांनी दर गाडीला पाऊण मीटर धरून ३२ गाड्या बसवून दाखवल्या. गाड्या तीसच, म्हणजे दोन पाहुण्यांचीही सोय! सभा खूष झाली.

हिशेबात खोट नव्हती. साधी स्कूटर हँडलापाशी सुमारे ७० सेंटीमीटर रुंद असते. पण स्कूटर स्वतःहून बाहेर येत नाही, तिच्या शेजारी उभे राहून ती कोणीतरी ओढावी लागते. त्या कोणाला तरी निदान एक फूट हवा. ७० अधिक ३० म्हणजे एक मीटर. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या एकत्रित विकास नियमावलीतही दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर अशीच जागा धरली आहे. आमच्या नकाशात गाडी होती, माणूस तेवढा गळला होता.

हा फूट वाचवला, तर तो मधल्या वाटेत व्याजासकट द्यावा लागतो. दोन मीटरांच्या दोन रांगा सोडल्यावर आमच्याकडे वाट उरते दीड मीटर, आणि स्कूटर असते जवळजवळ १८० सेंटीमीटर लांब. ती सरळ मागे घेऊन मग वळवू म्हटले, तर मागचे चाक समोरच्या रांगेत शिरते. पुढचे चाक खणात असतानाच तिला तिरकी करावी लागते, आणि त्यासाठी शेजारची ती फूटभर जागाच कामी येते. पाऊण मीटरचेच खण हवे असतील, तर वाट दोन मीटरांची हवी.

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई पहाटे साडेपाचला ड्यूटीवर निघतात. रंग लावण्यापूर्वी आम्ही खडूने खण आखले, शेजारी दोन गाड्या लावल्या आणि बाईंना आपली गाडी काढायला सांगितले. पाऊण मीटरच्या खणातून ती निघेना. शेजारची गाडी हलवावी, तर तिला हँडललॉक. एक मीटरच्या खणातून बाई एकट्याने दोन दमांत बाहेर आल्या.

शेवटी रांगेला १२, एकूण २४ खण झाले. बुलेट दोन मीटरांहून लांब, तिचे शेपूट वाटेत येते. म्हणून तिला बंद टोकाचा खण दिला. तिथून पुढे कोणाला जायचे नसते.

सहा गाड्या उरल्या. त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी चिठ्ठ्या निघतात आणि दर वेळी भांडण होते. सचिव म्हणतात, ३२ बसत होत्या. बसत होत्या हे खरेच. उठत नव्हत्या, एवढेच.