उशिरा आलेली उशी

माणसाला झोप लागत नसली की तो काहीही वाचतो. मी रद्दीत घालायच्या गठ्ठ्यातली रविवारची पुरवणी ओढून काढली होती. तिच्यात एक कथा होती. मध्यरात्रीच्या वेळी कथा वाचणे ही माझी जुनी खोड. पण ही कथा पहिल्याच ओळीत माझ्या मानेवर बसली. 'रात्रीचे २ वाजून ४७ मिनिटे झाली होती,' अशी सुरुवात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. २ वाजून ३९ मिनिटे! म्हणजे नायकापेक्षा मी आठ मिनिटे मागे होतो, एवढाच काय तो फरक.

नायक पन्नाशीतला. कूस बदलतो आहे, मान अवघडली आहे, छतावरच्या पंख्याची पाती मोजतो आहे. (आमच्या पंख्यालाही तीनच पाती आहेत, त्यामुळे हा उद्योग फार वेळ पुरत नाही.) शेजारी त्याची पत्नी शांत झोपली आहे. उद्या कचेरीत महत्त्वाची बैठक. दुसऱ्या परिच्छेदात तो दोन उशा घेतो, मग एक काढतो, मग उशीशिवाय झोपतो. तिसऱ्यात त्याला कॉलेजातला जुना मित्र भेटतो; हा मित्र साठीचा असून ताठ मानेने चालतो. चौथ्यात मित्र म्हणतो, "अरे, दोष तुझा नाही, उशीचा आहे." आणि पाचव्यात उशी येते. कथेच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असे छापले होते, ते मला सकाळी चष्मा लावल्यावर दिसले. तोपर्यंत १,८९९ रुपयांची ऑर्डर माझ्या हातून निघून गेली होती.

या प्रकाराचा मी पुढे थोडा अभ्यास केला. पैसे गेल्यावर माणूस अभ्यासू होतोच. ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेत १९२६ साली जॉन केपल्स नावाच्या गृहस्थाने पोस्टाने वाद्यशिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी अशीच एक जाहिरात लिहिली. मेजवानीत एकजण पियानोपुढे बसतो, सगळे हसतात, आणि मग तो असा वाजवतो की हसणाऱ्यांची तोंडे बंद होतात. शिकवणीचे नाव येते ते त्यानंतर. आधी दुखणे, मग फजिती, मग मित्र, मग वस्तू, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही. आणि वेळ नेहमी मिनिटासकट सांगायची. 'पावणेतीनच्या सुमारास' म्हटले तर ती गप्प होते. '२ वाजून ४७' म्हटले की साक्ष होते.

उशी आली. खोक्यातून बाहेर काढल्यावर तिचा आकार पाहून आमची ही म्हणाली, "अहो, ही उशी आहे की पाटा-वरवंटा?" प्रश्न रास्त होता. एका बाजूला मोठा उंचवटा, दुसऱ्या बाजूला लहान, मध्ये खोलगट भाग. वासही असा, की रंगाच्या दुकानात झोपल्यासारखे वाटावे. खोक्यावर लिहिले होते, 'मूळ शोध अंतराळवीरांसाठी.' यात थोडे खरे होते. या फोमचा जन्म १९६६ सालचा, नासाच्या एम्स केंद्रासाठी केलेल्या कामातला. पण तो विमानाच्या आसनांच्या गाद्यांसाठी. चंद्रावर कोणी मान टेकायला गेले नव्हते. याला 'मेमरी फोम' म्हणतात, कारण दाबल्यावर तो खाली बसतो आणि सावकाश पूर्ववत येतो. उबेने मऊ पडतो, थंडीत कडक होतो. पुण्याच्या डिसेंबरात पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मानेखाली सागवानी पाटच होता.

पहिल्या रात्री मी मोठ्या उंचवट्यावर डोके ठेवून झोपलो. सकाळी हनुवटी छातीला टेकलेली, जणू रात्रभर कोणापुढे चूक कबूल करत होतो. दुसऱ्या रात्री खांदेसुद्धा उशीवर घेतले. तिसऱ्या दिवशी हिने आपल्या रीतीप्रमाणे उशी गच्चीत उन्हात टाकली आणि काठीने झोडली. सावरीच्या उशीला हा उपचार मानवतो; कापूस मोकळा होतो, फुगतो. या फोमला कडक ऊन मानवत नाही, तो हळूहळू ठिसूळ होतो. आणि पाण्यात बुडवून पिळला तर फाटतो. धुवायचा तो फक्त अभ्रा. वास जाण्यासाठी उशी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवायची असते. हे सगळे माहितीपत्रकात होते. पण कथेनंतर माहितीपत्रक कोण वाचतो?

शेवटी शेजारच्या अण्णांनी मला मार्गाला लावले. अण्णा हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी खोक्यावरच्या 'ऑर्थोपेडिक' या शब्दाकडे पाहून एवढेच म्हटले, "हे विशेषण आहे. मोजमाप नव्हे. शिवणाची टेप आण."

मग भिंतीला पाठ लावून मला उभे केले आणि मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत मोजले. १४ सेंटिमीटर. "कुशीवर झोपलास," अण्णा म्हणाले, "की डोके आणि गादी यांच्यात साधारण एवढी पोकळी राहते. ती भरून काढणे हे उशीचे काम. आता तुझी गादी." आमची गादी कापसाची, पिंजून चार वर्षे झालेली, म्हणजे व्यवहारात फरशीच. खांदा तिच्यात फार तर एक सेंटिमीटर रुतायचा. म्हणजे मला १३ हवे होते. उशीचा मोठा उंचवटा १२ सेंटिमीटरचा, पण डोक्याच्या भाराने दबून उरायचा १०. तीन सेंटिमीटर कमी! म्हणून रात्रभर डोके खाली लोंबायचे आणि मी हाताची घडी करून खाली घालायचो. जाहिरातीतल्या नायकाच्या चित्रात जाडजूड मऊ गादी होती. तिच्यात त्याचा खांदा तीन-चार सेंटिमीटर रुतत असणार, त्याला तीच उशी बरोबर पुरली असेल. उशी एकच, गादी वेगळी म्हणून गोष्टीचा शेवट वेगळा.

उपाय बिनपैशाचा निघाला. जुनी चादर घडी घालून तीन सेंटिमीटरची केली आणि उशीखाली सरकवली. पाठीवर झोपायचे तेव्हा चादर काढायची, लहान उंचवटा मानेखाली घ्यायचा, डोके खोलगट भागात आणि खांदे गादीवर. बरोबर झाले की नाही हे झोपलेल्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळते. पाठीवर असताना चेहरा छताकडे सरळ हवा, हनुवटी छातीकडे झुकलेली नको की वर उचललेली नको. कुशीवर असताना नाक आणि छातीचा मधला भाग एका रेषेत हवा. "बघायला वहिनींना सांग," अण्णा म्हणाले, "आणि आठ-दहा दिवस मानेला सवय होऊ दे. मात्र दुखणे हातात उतरले, मुंग्या आल्या, पकड सुटायला लागली, तर उशी बदलत बसू नकोस, डॉक्टर गाठ."

त्या रात्री मी हिला म्हटले, "अगं, जरा बघ ना, नाक रेषेत आहे का?"

तिने लगेच सांगितले, "आहे." अंधारात, रात्री दोन वाजता, एका हाकेत! मी विचारले, "तू जागी कशी?"

"मी रोजच जागी असते," ती म्हणाली. "हाताला मुंग्या येतात. झटकला की बरं वाटतं, मग पुन्हा येतात. तीन-चार महिने झाले."

"मग बोलली नाहीस?"

"तुमच्या मानेचं चाललं होतं ना."

मी दिवा लावला. ती उठून बसली होती आणि उजवा हात थर्मामीटर झटकावा तसा झटकत होती. इतके महिने मी शेजारी पंख्याची पाती मोजत होतो, आणि जाहिरातीतल्या नायकाप्रमाणे माझीही पत्नी शांत झोपली आहे असे धरून चाललो होतो. कथेत तसे लिहिले होते खरे. पण माझ्या घरातले तरी मला पाहता आले असते.

माझ्या अंगात नवे ज्ञान सळसळत होते. "मान आहे तुझी! ही घे उशी," असे म्हणून मी टेप आणायला धावलो. तिचे माप ११ निघाले. उशी तिला चादरीशिवायच बरोबर बसली. आठ रात्री ती त्या उशीवर झोपली आणि आठही रात्री हात झटकत बसली. नवव्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरबाईंनी मानेकडे नंतर पाहिले. आधी विचारले, "मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना?" ही म्हणाली, "अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. करंगळीला नाही." मग बाईंनी मनगटावर टिचक्या मारल्या, दोन्ही मनगटे खाली वाकवून मिनिटभर धरायला लावली. अर्ध्या मिनिटातच ही म्हणाली, "आल्या बघा!" दुखणे मानेचे नव्हतेच. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून अंगठ्याकडच्या बोटांची नस जाते. ती तिथे दबत होती. झोपेत मनगट दुमडले की नस जास्तच आवळते, म्हणून हे दुखणे रात्री उठते. ही कित्येक वर्षे दुमडलेला हात गालाखाली घेऊन झोपते. बाईंनी मधुमेह आणि थायरॉइड तपासायला सांगितले, आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी एक पट्टी दिली. "काही आठवडे लावा. अंगठ्याची ताकद कमी वाटली किंवा बधिरपणा दिवसाही राहिला, तर वाट न पाहता या. मग पुढच्या तपासण्या करू." पट्टीची किंमत उशीच्या चौथ्या हिश्शाएवढी होती, आणि तिच्याबरोबर कसलीही कथा नव्हती.

उशी परत करायचा विचार एकदा केला. 'तीस रात्री वापरा, न आवडल्यास पैसे परत,' असे कथेच्या शेवटी होतेच. पण खालच्या ओळीत 'मूळ वेष्टन न फाडल्यास' असेही होते. वेष्टन न फाडता तीस रात्री उशी कशी वापरायची, याची मात्र त्यांनी गोष्ट लिहिलेली नाही.

आता आमचे बरे चालले आहे. मी चादरीची घडी घालून झोपतो. ही पट्टी बांधून झोपते आणि तिसऱ्या आठवड्यापासून खरोखरच शांत झोपते. पट्टीत मनगट सरळ ठेवणारी धातूची फळी आहे. झोपेत तिने कूस बदलली की तो हात सरळ माझ्या बरगडीवर येतो. काल आला तेव्हा मी घड्याळ पाहिले. २ वाजून ४७ मिनिटे झाली होती. मी हात उचलून हळूच बाजूला ठेवला, ती जागी झाली नाही याची खात्री केली आणि पंख्याची पाती मोजली. तीनच होती.