खूण करण्याआधी
झाशीला बाबांच्या क्वार्टरमध्ये बसून मी चिनी भाषेची एचएसके परीक्षा घरून दिली. पडद्यावर आधी 考生须知, म्हणजे परीक्षार्थींसाठी सूचना आल्या. सगळी अक्षरे येत नव्हती, म्हणून दोनच खुणा शोधल्या. 须 म्हणजे केलेच पाहिजे, 不得 म्हणजे करायचे नाही. एका ओळीत 不得 च्या पुढे 离开 दिसले: जागा सोडायची नाही. लगेच पाणी पिऊन आलो.

मग कॅमेरा तपासणी. पाठीमागे खिडकी असल्याने चेहरा काळा दिसत होता, ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळेना. टेबल फिरवून उजेडाकडे तोंड केले, तेव्हा जुळला.

त्यानंतरच 我已阅读并同意, म्हणजे ‘वाचले, मान्य आहे’, या चौकटीत खूण केली. न वाचता केली असती, तर तहान लागताच उठलो असतो आणि पेपर गमावून बसलो असतो.