राणीचे सोडियम

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘सोडियम कमी झाले’ हे वाक्य परिचयाचे असेल. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांच्या रक्ततपासणीत ते हमखास डोकावते. माझ्याही अहवालात दोनदा डोकावले आहे. पण आपल्या श्वानाचेही सोडियम तपासावे लागते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

राणी आमची पाच वर्षांची लॅब्रॅडॉर. आम्ही पुण्यात पेठेत राहतो. नातवंडे सुट्टीला येऊन गेली, की तिचे जेवण कमी होई, एखाद-दुसरी उलटी होई, शौच पातळ होई. ‘बाहेर काही खाल्ले असेल’ असे डॉक्टर म्हणत आणि सलाइन लावत. दुसऱ्या दिवशी ती शेपूट हलवत दारात उभी! गणपतीत ढोल-ताशांचा दणदणाट सुरू झाला, तेव्हाही तेच घडले. दर वेळी ती बरी होत असे, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. खरे तर तेच लक्षण होते, हे आज उमगते.

दिवाळीत फटाके सुरू झाले आणि दुसऱ्या रात्री राणी उठेना. पाय गार, हिरड्या फिकट. आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेले होते, म्हणून दुसऱ्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. उलट्यांनी शरीरातले पाणी आटलेल्या श्वानाचे हृदय जोरात धावायला हवे. राणीचे ठोके मिनिटाला जेमतेम छप्पन्न होते. ‘पोटॅशियम वाढले असावे’, असे म्हणून त्यांनी तत्काळ रक्त घेतले.

अहवालात सोडियम १२८ होते, पोटॅशियम ७.५. निरोगी श्वानात सोडियम साधारण १४० ते १५५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५.५ असते. डॉक्टरांनी कागदावर भागाकार मांडला. सोडियमला पोटॅशियमने भागले, की उत्तर सत्तावीसच्या वर यायला हवे. राणीचे उत्तर सतरा आले. युरिया व क्रिएटिनिनही वाढलेले होते, त्यामुळे मूत्रपिंडे गेली असावीत अशी धास्ती मला वाटली. डॉक्टर म्हणाले, ‘काका, तसेच दिसते खरे. म्हणूनच या आजारात चूक होते.’

आजार समजून घ्यायला सोपा आहे. मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचा एक रस मूत्रपिंडांना सांगतो, की मीठ राखा आणि पोटॅशियम बाहेर टाका. दुसरा रस, कॉर्टिसॉल, ताणाच्या वेळी शरीराला तोलून धरतो. बहुधा शरीराचीच प्रतिकारशक्ती या ग्रंथींवर उलटते आणि त्या आटतात. मग मीठ लघवीवाटे वाहून जाते, त्यामागोमाग पाणीही. पोटॅशियम साचून हृदय मंदावते. पाहुणे, ढोल, फटाके असा ताण आला, की आजार डोके वर काढतो. सलाइनमध्ये मीठ-पाणी असल्यामुळे दोन-चार दिवस सारे सावरल्यासारखे दिसते. माणसांतला हाच आजार लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तरुण व मध्यमवयीन माद्यांमध्ये तो अधिक आढळतो.

मात्र भागाकार हा केवळ संशय आहे, निदान नव्हे. मूत्रपिंडाचा विकार, लघवी अडकणे, आतड्यांतले चाबूककृमी यांतही असेच आकडे येऊ शकतात. उलट, काही श्वानांना हा आजार असूनही त्यांचे सोडियम-पोटॅशियम ठीक असते. खात्री होते ती एसीटीएच चाचणीने. आधी रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात, मग ग्रंथींना चेतवणारे इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा मोजतात. निरोगी ग्रंथी उसळी घेतात. राणीचे दोन्ही आकडे तळाशीच राहिले. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आधी प्रेडनिसोलोन दिलेले असेल, तर ही चाचणी फसते. म्हणून श्वानाला पूर्वी कोणतेही इंजेक्शन, गोळी वा कानाचे, त्वचेचे मलम दिले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

त्या रात्री सलाइन भरभर देण्यात आले. पहाटे ठोके नव्वदवर गेले आणि राणीने मान उचलली.

आता तिला रोज फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोनची अल्प मात्रा द्यावी लागते, आणि ती आयुष्यभर. सुरुवातीला दर आठवड्याला सोडियम-पोटॅशियम तपासून मात्रा बसवली. आता ही तपासणी तीन महिन्यांनी होते. गोळ्या एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या कॅलेंडरवर रोज खूण असते. विसर्जनाच्या आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन दुप्पट करायचे, हे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. तो कागद माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात असतो. यंदाच्या मिरवणुकीत राणी पलंगाखाली बसून राहिली, थरथरली. पण रात्री दहा वाजता उठून तिने दहीभात चाटूनपुसून खाल्ला.