साठ-सत्तर शब्दांत सूनबाईची ओळख



आपल्या लेकी-सुना आता छोट्या छोट्या कंपन्यांत कामाला लागतात. तिथे रुजू झाल्यावर आठवड्याभरात एक काम हमखास अंगावर येतं. कंपनीच्या संकेतस्थळावर सगळ्या माणसांचे फोटो असतात, प्रत्येकाखाली चार ओळी असतात, आणि नव्या माणसाला सांगतात, 'तुमची ओळख लिहून द्या, थोडं घरगुती काहीतरी पण टाका.' मोठ्या कंपनीत हे लिहायला वेगळी माणसं असतात. पंधरा माणसांच्या कंपनीत आपलं आपणच लिहायचं.

माझ्या भाचीवर मागच्या महिन्यात हीच वेळ आली. कंपनी दुकानदारांसाठी बिलं करायची आणि जीएसटीचा हिशेब ठेवायची प्रणाली बनवते. हिचं काम नव्या ग्राहकाला ती प्रणाली शिकवण्याचं. घरात आठ-नऊ वर्षं काढून पुन्हा नोकरीला लागलेली बाई, त्यामुळे आधीच बुजलेली. 'मावशी, तू बी.कॉम. आहेस, तुझं मराठीही चांगलं आहे, जरा बघ ना,' म्हणून तिने मला मजकूर पाठवला. तो असा होता:

'सौ. … या अत्यंत मेहनती, उत्साही व ध्येयवादी असून त्यांना वित्त क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव आहे. ग्राहकांचे समाधान हेच त्यांचे ध्येय आहे. त्या दोन गोड मुलांची आई असून त्यांना वाचन, प्रवास व संगीताची आवड आहे.'

(नाव मी इथे रिकामं ठेवते.) वाचायला काही वाईट नाही. पण वरचा फोटो काढून शेजारच्या कोणाचाही लावा, मजकूर तसाच चालेल. मेहनती कोण नाही? संगीत कोणाला आवडत नाही? ही कसोटी मला फार सोपी वाटते. नाव झाकायचं आणि विचारायचं, ही ओळख आणखी किती जणांना चालेल? चालत असेल तर अजून काहीच लिहिलेलं नाही असं समजायचं.

मग मी तिला विचारलं, 'हे पान वाचतं कोण?' तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, 'ज्याला प्रणाली घ्यायची आहे तो दुकानदार. फोनवर आपल्याशी कोण बोलणार आहे ते तो बघतो.' म्हणजे पहिल्या वाक्यातच त्या दुकानदाराला कळलं पाहिजे की ही बाई माझ्यासाठी काय करणार. हुद्द्याचं इंग्रजी नाव फोटोखाली लहान अक्षरांत असतंच, ते पुन्हा वाक्यात लिहायची गरज नसते. तिचं खरं काम काय, तर दुकानदाराचं पहिलं बिल निघाल्यापासून त्याचं पहिलं जीएसटी विवरण भरून होईपर्यंत त्याच्या सोबत राहायचं. हेच पहिलं वाक्य झालं.

अनुभवाच्या वाक्यावर आमचं बरंच बोलणं झालं. मधली वर्षं तिला झाकायची होती. 'घरीच होते, काय लिहू?' असं ती म्हणत राहिली. मी म्हटलं, 'घरी होतीस म्हणजे काय करत होतीस ते सांग.' तिच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. त्याआधी बहुतेक कापड व्हॅटच्या बाहेर होतं, त्यामुळे कापडवाल्यांना कर लावून बिल फाडायची सवयच नव्हती. मग कापडावर 5 टक्के कर आला. नोंदणी करा, बिलावर क्रमांक छापा, विवरणं भरा, सगळं एकदम. सासरे लाल कापडी वहीवाले. हिने दुपारी मुलं झोपली की वही घेऊन बसायचं आणि एकेक नोंद संगणकात चढवायची, असं करत अख्खं दुकान संगणकावर आणलं. पुढची सगळी वर्षं तारखाही तिनेच सांभाळल्या. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांना 11 तारखेपर्यंत विक्रीचं आणि 20 तारखेपर्यंत कर भरण्याचं विवरण द्यावं लागतं. त्या दोन तारखांच्या आसपास ही माहेरी आली तरी लॅपटॉप घेऊन बसलेली मी स्वतः पाहिली आहे.

आता सांगा, बिलाच्या प्रणालीला घाबरणाऱ्या दुकानदाराला शिकवायला याहून योग्य अनुभव कोणता? 'वित्त क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव' या शब्दांत नेमकं हेच हरवलं होतं. एक खरी गोष्ट सालासकट सांगितली की मधली वर्षं झाकावी लागत नाहीत. साल लिहायचा आणखी एक फायदा आहे. 'आठ वर्षांचा अनुभव' लिहिलं तर पुढच्या वर्षी ते चुकीचं होतं आणि बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. '2017 मध्ये' लिहिलं की ते कायम खरं राहतं. 'नुकत्याच रुजू झालेल्या' हे शब्दही मी त्याच कारणाने काढायला लावले.

शिक्षणाच्या ओळीवर मात्र खरा पेच आला. भाचीने सी.ए.च्या कार्यालयात आर्टिकलशिप पूर्ण केली होती, मधल्या टप्प्याची परीक्षाही पास झाली होती, पण लग्नानंतर शेवटची परीक्षा राहून गेली. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी मजकुरात आपणहून 'आमच्या सी.ए.' असं घातलं. ग्राहकाचा विश्वास बसतो, एवढं चालतं, असं त्यांचं म्हणणं. ते चालत नाही. चार्टर्ड अकाउंटंट ही बिरुदावली सनदी लेखापालांच्या संस्थेच्या सदस्यालाच लावता येते. 1949 च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे आणि सदस्य नसताना लावणं हा गुन्हा आहे. शेवटची परीक्षा पास झालेल्यालाही सदस्यत्व घेतल्यावरच स्वतःला सी.ए. म्हणवता येतं, मग हिचं काय! शिवाय हे पान जगाला दिसतं आणि त्यावर नाव असतं हिचं, वरिष्ठांचं नाही.

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं, याची तिला धास्ती होती. ते बरोबरच आहे, नऊ वर्षांनी मिळालेली नोकरी आहे. मी म्हटलं, नाही म्हणू नकोस, दुसरं वाक्य दे. तिने लिहून पाठवलं, 'सर, मी संस्थेची सदस्य नसल्यामुळे ते बिरुद लावता येणार नाही. त्याऐवजी बी.कॉम. आणि सी.ए.च्या कार्यालयात आर्टिकलशिप पूर्ण, असं टाकूया का?' दोन तासांनी 'ठीक आहे' एवढंच उत्तर आलं. त्या दोन तासांत तिचे मला चार फोन आले.

राहिली घरगुती ओळ. इथे बायका दोन टोकांना जातात, असं माझं निरीक्षण आहे. एक तर वाचन, प्रवास, संगीत, नाहीतर सगळं घरच उघडं करायचं. 'दोन मुलांची आई' मी काढायला सांगितलं. मुलं काही लपवायची नाहीत, पण त्याच पानावरच्या एकाही पुरुषाखाली 'दोन मुलांचा बाप' लिहिलेलं नव्हतं. 'सौ.' सुद्धा त्याच न्यायाने गेलं, कारण पुरुषांच्या नावामागे काही नव्हतं. गाव, गल्ली, वाढदिवस, मुलांची शाळा, माहेरचं आडनाव, यातलं काहीही टाकायचं नाही. पान अनोळखी लोकही वाचतात, आणि बँकेच्या खात्याचे गुप्त प्रश्न बहुतेक याच गोष्टींवर असतात.

तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने सुचवलं, 'तुम्ही सूर्यास्ताआधी जेवता, ते टाका ना, किती वेगळं आहे!' भाचीलाही ते पटलं होतं. मला पटलं नाही. तुमच्यापैकी काहींना माझं म्हणणं आवडणार नाही, पण मला वाटतं आपलं व्रत ही ग्राहकाला गंमत म्हणून वाचायला द्यायची गोष्ट नाही. सहकाऱ्यांना ते कळायलाच हवं, म्हणजे कंपनीचं जेवण रात्री नऊला ठरणार नाही. त्यासाठी त्यांना तोंडी सांगायचं.

मग काय लिहायचं? मी तिला म्हटलं, घरचे तुझी चेष्टा कशावरून करतात ते आठव. ती हसायलाच लागली. घरातला मिक्सर, इस्त्री, गिझर, काही बिघडलं की ही आधी प्लग काढते आणि पेचकस घेऊन बसते. दुकानात न्यायच्या आधी एकदा उघडून बघितल्याशिवाय हिला चैन पडत नाही. ही ओळ छोटी आहे, खरी आहे, तिच्यातून पत्ता कळत नाही, आणि न कंटाळता अडचण सोडवणारी बाई आहे हेही न सांगता कळतं.

शेवटी अडलं ते 'त्या' आणि 'ती' वर. इंग्रजीत ही अडचणच नसते. मराठी पानावर मालकांना 'ते', पंचविशीतल्या मुलांना 'तो' आणि एका मुलीला 'ती' असं चालू होतं. हिला एकटीला 'त्या' केलं तर ती सगळ्यांची मावशी वाटेल, 'ती' केलं तर ग्राहक फोनवर अरे-तुरे करेल, ही तिची भीती. मी म्हटलं, पानावर सगळ्यांना एकच रूप ठेवा, असं सुचवून बघ. पान बनवणाऱ्या मुलाला ते लगेच पटलं, त्याने सगळ्यांना आदरार्थी केलं. चोवीस वर्षांच्या मुलाखालीही आता 'ते क्रिकेट खेळतात' असं आहे.

तर पानावर गेलेला मजकूर हा:

'… नव्या दुकानदारांना पहिल्या बिलापासून पहिल्या जीएसटी विवरणापर्यंत सोबत करतात. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा घरच्या कापड दुकानाचा हिशेब त्यांनी लाल वहीतून संगणकावर आणला, त्यामुळे दुकानदार कुठे अडतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या बी.कॉम. असून त्यांनी सी.ए.च्या कार्यालयात आर्टिकलशिप पूर्ण केली आहे. घरातला बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला देण्याआधी त्या तो एकदा उघडून बघतात, आणि बहुतेक वेळा तो चालूही होतो.'

इतरांच्या ओळखीही याच लांबीच्या होत्या, म्हणून इथेच थांबलो. पाठवण्याआधी तिने हे सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, 'या बाईला फोन कशासाठी करायचा?' ते म्हणाले, 'बिल अडलं की.' मग काय लक्षात राहिलं असं विचारलं, तर म्हणाले, 'माझी वही.' आणि जरा थांबून, 'त्या मिक्सरचं भांडं अजून गळतंय म्हणावं.'

फोटोवरून मात्र अजून खल चालू आहे. सगळ्यांचे फोटो खांद्यापर्यंत, पांढऱ्या भिंतीपुढे आहेत, आणि हिच्याकडे आहेत ते सगळे लग्नातले.